राणी कुणी घ्यायची

महामायाबाई नरवाडे निवृत्त झाल्या तेव्हा रेणापूरच्या दवाखान्यातल्या बायकांनी त्यांना शाल दिली, रोपटं दिलं आणि वर एक सल्लाही दिला: "सिस्टर, आता साहेबांसोबत निवांत राहा." बाई हसल्या. साहेबांसोबत निवांत कसं राहायचं असतं, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. त्यातली एकतीस वर्षं त्या लातूर जिल्ह्यात होत्या आणि साहेबराव नांदेड जिल्ह्यात.

साहेबराव लोह्याला वीज मंडळात लाइनमन म्हणून लागले आणि तिथंच प्रधान तंत्रज्ञ होऊन निवृत्त झाले. बाईंची नोकरी आधी चाकूर, मग रेणापूर. मुलगी बुद्धप्रिया बाईंजवळ क्वार्टरमध्ये वाढली. साहेबराव एक रविवार सोडून एक रविवार यायचे. जेवायचे, झोपायचे, मुलीच्या वह्या बघायचे आणि सोमवारी पहाटेची गाडी धरायचे. नांदेडजवळ तरोड्याला घर बांधलं तेही सुट्ट्या जुळवून. त्या घरात दोघं सलग पंधरा दिवस कधी राहिले नव्हते. आता दोघंही कायमचे तिथं आले होते. साहेबराव दोन वर्षं आधीपासून, बाई जुलैपासून.

पहिला महिना वाईट गेला. बाईंना पाचला जाग यायची, त्यांना आठला. त्यांना टीव्हीचा आवाज मोठा लागायचा, बाईंना आवाजच नको असायचा. "चहा झाला का?" हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकून एकदा बाई म्हणाल्या, "दोन वर्षं इथं एकटे राहिलात. तेव्हा कुणाला विचारत होता?" साहेबरावांनी पेपर उचलला. उत्तर द्यायचं नसलं की ते पेपर उचलायचे, हे बाईंना महिनाभरात कळलं. चौतीस वर्षांत कळलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये लोह्याहून शिवमूर्ती आले. साहेबरावांचे जुने सहकारी, मोकळा माणूस. जेवण झाल्यावर सुपारी कातरत म्हणाले, "वहिनी, तुमच्या मालकांनी आमचा क्लब सुना करून टाकला बघा. रोज संध्याकाळी साडेसहाला खुर्चीवर हजर. वीस-पंचवीस वर्षांत खाडा न्हाई. पाऊस असो का वारा. काय कट मारत होते! लोह्यात साहेबरावांसारखा कॅरम कोण खेळत न्हाई."

बाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"कॅरम?" त्या म्हणाल्या.

"हाव. कॅरम. तुम्हाला ठाऊक न्हाई?"

साहेबराव खिडकीबाहेर बघत होते.

शिवमूर्ती गेल्यावर बाईंनी भांडी घासली, ओटा पुसला, फडकं वाळत घातलं. मग हॉलमध्ये येऊन टीव्ही बंद केला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही दोघं एकमेकांना भेटली ती कॅरमवरच. सत्त्याऐंशी साली नांदेडला बुद्ध विहाराच्या वाचनालयात एक बोर्ड होता. साहेबराव तेव्हा आयटीआयला होते आणि महामाया नर्सिंगला. मुली बाजूला उभ्या राहून बघायच्या. ही एकटी खुर्ची ओढून बसली. पहिल्याच दिवशी तिनं तीन मुलांना हरवलं आणि चौथ्यानं, म्हणजे साहेबरावांनी, तिला जोडीदार होशील का, असं विचारलं. जयंतीच्या स्पर्धेत त्या जोडीनं स्टीलचा जग जिंकला. लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांना कारण वेगळं सांगितलं होतं, पण दोघांना खरं कारण माहीत होतं.

चाकूरच्या क्वार्टरमध्ये पहिली दोन वर्षं बोर्ड होता. मग बुद्धप्रिया झाली, रात्रपाळ्या सुरू झाल्या, बोर्डाला ओल लागली, तो मधोमध फुगला. बाईंनी तो ज्वारीच्या कोठीवर झाकण म्हणून ठेवला. त्यानंतर त्यांनी नवऱ्याला पाच वेळा 'खेळायचं का' म्हणून विचारलं होतं. पाचच. त्यांना पाचही वेळा आठवत होत्या.

"तुम्ही म्हणालात, थकलोय," बाई म्हणाल्या. "एका दिवाळीला मी दुकानातून नवीन सोंगट्या आणल्या होत्या. तुम्ही म्हणालात, माया, आता कुठं ते पोरखेळ. मी त्या सोंगट्या वॉर्डातल्या लेकरांना वाटून टाकल्या. आणि तुम्ही रोज संध्याकाळी खेळून राहिला होतात?"

"तसं न्हाई—"

"मग कसं?"

"तिकडं एकटा होतो. संध्याकाळी करणार काय?"

"मी काय करत होते संध्याकाळी? विचारलं कधी?" बाईंचा आवाज चढला. शेजारच्या किशनरावांच्या घरातला कुकर थांबल्यासारखा झाला. "पोरीला खाऊ घालायचं, अभ्यास घ्यायचा, तिला बाजूच्या घरी सोडून रात्रपाळीला जायचं. माझ्याकडनं खेळ सुटला, ते मी सोसलं. दोघांकडनं सुटला म्हणून सोसलं!"

साहेबराव म्हणाले, "तू इतकं मनाला लावून घेशील असं वाटलं न्हाई."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. बाई पुढे आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. जेवण वेळेवर वाढलं, गोळ्या वेळेवर दिल्या, वॉर्डातल्या पेशंटला देतात तशा.

नवव्या दिवशी त्या एकट्याच रिक्षानं बाजारात गेल्या. खेळाच्या सामानाच्या दुकानदारानं त्यांना लहान मुलांचा बोर्ड दाखवला. "नातवासाठी ना मावशी?" "माझ्यासाठी," बाई म्हणाल्या आणि मोठे बोर्ड खाली उतरवायला लावले. एकेका बोर्डावर त्यांनी बोटांनी टिचक्या मारून आवाज ऐकला. आत पोकळी राहिली असेल तर तिथं आवाज बदलतो आणि सोंगटी त्या जागी मरते. मग पावडर टाकून त्यांनी स्ट्रायकर जोरात समोरच्या कडेवर मारला. चांगल्या बोर्डावर तो समोर, परत, पुन्हा समोर असा साडेतीन फेऱ्या जायला हवा. पहिले दोन बोर्ड अडीचवर थांबले. तिसऱ्यानं साडेतीन पूर्ण केल्या. दुकानदारानं तोच बांधायला घेतला.

दुपारी साहेबराव झोपले की बाई सराव करायच्या. बोटं आखडली होती. सलाइनची सुई शिरेत अचूक घालणारी बोटं, पण स्ट्रायकरला टिचकी मारताना तर्जनी थरथरायची. आधी सरळ सोंगट्या घ्यायच्या. मग कट, म्हणजे सोंगटीला कडेनं लागून ती तिरकी पॉकेटमध्ये जायला हवी. मग समोरच्या कडेवर आपटून परत येताना आपल्या जवळची सोंगटी घ्यायची, कारण आपल्या रेषेच्या मागं पडलेल्या सोंगटीला सरळ मारता येत नाही. शंभरातल्या तीस जायच्या, मग चाळीस. चुकलं की बाई मोठ्यानं स्वतःलाच शिव्या द्यायच्या.

एका दुपारी साहेबराव दारात उभे राहिले. "कोपर आत येऊन राहिलं तुझं. पंच फाऊल देईल."

"तुम्हाला विचारलं का?"

ते गेले. दुसऱ्या दिवशी बाई भाजी घेऊन आल्या तर बोर्डावर छतातून दिवा लोंबत होता, वर पत्र्याची टोपी, म्हणजे उजेड फक्त बोर्डावर पडेल आणि डोळ्यात येणार नाही. वायर कुठंही दिसत नव्हती. तीस-पस्तीस वर्षांच्या हाताचं काम होतं. बाईंनी दिव्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "चार बोटं खाली आलाय. डोक्याला लागेल," त्या म्हणाल्या. साहेबरावांनी शिडी पुन्हा आणली.

त्या संध्याकाळी ते समोर बसले. बाईंनी बसू दिलं, एवढंच. पहिला गेम पंचवीस–शून्य. दुसरा पंचवीस–दोन. साहेबरावांनी मुद्दाम एकही सोंगटी सोडली नाही. सोडली असती तर बाईंनी बोर्ड उचलून बाहेर टाकला असता, आणि हे त्यांनाही कळत होतं. रोज हरायच्या, रोज चिडायच्या आणि रोज साडेसहाला बसायच्या. ऑक्टोबरच्या शेवटी एका गेममध्ये त्यांनी एका डावात सहा सोंगट्या आणि राणी घेतली, लगेच पुढच्या फटक्याला आपली सोंगटी घेऊन ती राणी कव्हर केली आणि गेम जिंकला.

"तू अशीच खेळायचीस," साहेबराव म्हणाले. "विहारात."

"तुम्हाला आठवतं, म्हणजे विसरला नव्हता," बाई म्हणाल्या आणि सोंगट्या पुन्हा मांडल्या. त्यांचा राग या कौतुकानं वाढलाच होता.

डिसेंबरात लातूरला ज्येष्ठांची मिश्र दुहेरी स्पर्धा होती. बुद्धप्रियानं पुण्याहून फोनवर नाव नोंदवलं. सभागृहाच्या दारात संयोजक गुरुपादप्पा यादी घेऊन बसले होते. यादीत लिहिलं होतं, 'साहेबराव नरवाडे व सौ.'

"सौ. कोण?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच की ताई."

"मला नाव आहे. ते लिहा. पंच माझा फाऊल धरेल तेव्हा सौ.चा फाऊल म्हणून ओरडणार का?"

गुरुपादप्पांनी घाईघाईनं खोडून महामाया नरवाडे लिहिलं. साहेबराव मागं उभे होते. त्यांना हसू आलं, पण बाईंचा चेहरा बघून ते गिळलं.

दुहेरीत जोडीदार समोरासमोर बसतात आणि त्यांच्या मधल्या दोन बाजूंना विरोधी जोडी. पाळी उजव्या हातानं फिरते. म्हणजे आपण खेळलो की आधी विरोधकाची पाळी येते, मग आपल्या जोडीदाराची. डाव चालू असताना जोडीदाराशी बोलायचं नाही, खूण करायची नाही, डोळ्यांनीही नाही. म्हणून चांगला जोडीदार नुसत्या स्वतःच्या सोंगट्या घेत नाही. जी आपल्याला अवघड आणि समोरच्याला सोपी, ती तो तशीच राखतो. विरोधकाची वाट अडवतो आणि समोरच्यासाठी जागा करून ठेवतो.

साहेबरावांना यातलं काहीच येत नव्हतं. लोह्याच्या क्लबात ते नेहमी एकेरी खेळले होते. पहिल्या दोन सामन्यांत विरोधक कच्चे होते म्हणून निभावलं. उपांत्य फेरीत समोर उदगीरचे व्यंकट आणि सिंधु आले. शिक्षक नवरा-बायको, शांत, घरात रोज एकत्र खेळणारे. सामना पंचवीस गुणांचा, नाहीतर आठ डावांनंतर ज्याचे गुण जास्त त्याचा. सात डाव संपले तेव्हा नरवाडे एकोणीस, ते एकवीस.

आठव्या डावात नरवाड्यांच्या पांढऱ्या दोन सोंगट्या उरल्या. विरोधकांची काळी एक. आणि राणी.

गणित सोपं होतं. विरोधकाची एक सोंगटी शिल्लक असताना डाव जिंकला तर एक गुण, म्हणजे वीस. हार. राणी आपली झाली तर तिचे तीन आणखी, म्हणजे तेवीस. विजय. राणीशिवाय काही उपयोग नव्हता.

राणी साहेबरावांच्या उजव्या कोपऱ्यात, पॉकेटच्या तोंडाशी पण त्यांच्या रेषेच्या मागं पडली होती. त्यांना ती सरळ मिळत नव्हती. त्यांच्या उजवीकडं बसलेल्या व्यंकटरावांनाही नाही, कारण तो कोपरा त्यांच्याही रेषेच्या मागं. पण समोर बसलेल्या महामायाबाईंना ती सरळ होती. तिरकी रेघ, मध्ये काही नाही. बाईंनी तो फटका दुपारी हजार वेळा मारला होता. साहेबरावांनी फक्त एक पांढरी हलकेच पुढं सरकवायची होती. व्यंकटराव काही करू शकले नसते. मग बाईंनी राणी घेतली असती, एका पांढरीनं कव्हर केली असती आणि उरलेली पांढरीही घेतली असती.

बाईंनी हात मांडीवर ठेवले होते. बोलायची बंदी होती. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं एकदाही वर बघितलं नाही. त्याची नजर राणीवर होती.

साहेबरावांनी स्ट्रायकर समोरच्या कडेवर मारला. तो परत आला, राणीला लागला, पण हवा होता त्याहून जाड, म्हणजे जास्त भरून लागला. राणी कोपऱ्यातून सुटली आणि फिरत फिरत बोर्डाच्या मधोमध येऊन थांबली. थेट व्यंकटरावांसमोर.

व्यंकटरावांनी राणी घेतली. काळीनं कव्हर केली. एवढंच.

परतीच्या एसटीत अहमदपूरपर्यंत बाई बोलल्या नाहीत. मग बोलल्या. पुढच्या सीटवरचा माणूस कान देऊन ऐकत होता, तरी आवाज कमी केला नाही.

"राणी माझी होती."

"मला वाटलं बसेल. लोह्यात असा फटका—"

"लोह्यात! लोह्यात तुमच्या समोर मी न्हवते. इथं होते. समोर बसले होते. मी आहे हे तुमच्या लक्षातच आलं न्हाई."

"चुकला फटका. माणसाचा चुकतो."

"फटका चुकल्याचं मला काही न्हाई. तुम्ही तो मारलाच कामून? माझ्यावर सोडायचं जमलं न्हाई तुम्हाला. कधीच जमलं न्हाई."

साहेबराव एकदम तडकले. बाईंनी त्यांना असं चिडलेलं पहिल्यांदाच बघितलं. "तुला काय ठाऊक मी लोह्यात कसा राहिलो! नव्याण्णव साली माझ्यासोबतचा लाइनमन अमरेश माझ्यासमोर खांबावर चिकटून गेला. लाइन बंद आहे म्हणून सांगितलं होतं त्याला, अन् लाइन चालू होती. मी खाली शिडी धरून उभा होतो. त्यानंतर खोलीवर एकटं बसवत न्हवतं. म्हणून त्या बोर्डावर जाऊन बसायचो. तिथं कोण काही विचारायचं न्हाई. नुसतं खेळायचं. घरी आलो की खेळ नको वाटायचा. घरात खेळलो असतो तर तुला सगळं सांगावं लागलं असतं."

गाडी माळाकोळीच्या चढावर हळू झाली होती. बाईंनी खिडकीची काच लावली.

"मग सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता, पण राग तसाच होता. "तुम्हाला वाटलं मला पेलणार न्हाई? एकतीस वर्षं मी दवाखान्यात होते. विहिरीतनं काढलेल्या पोरी बघितल्या, बाळंतपणात गेलेल्या बघितल्या. एकदा सहा महिन्यांचं लेकरू माझ्या हातावर गेलं आणि मी त्याच हातानं दुसऱ्याला इंजेक्शन दिलं. मी कुणाला सांगितलं? तुम्ही रविवारी येऊन झोपायचात. मला वाटायचं, ह्या माणसाला नकोय माझं काही. आणि माझ्यावर तशी वेळ आली तेव्हा खेळायला बोर्ड तरी होता का? कोठीवर होता."

साहेबरावांजवळ उचलायला पेपरही नव्हता. ते म्हणाले, "सहा महिन्यांचं लेकरू. कुठल्या साली?"

"दोन हजार तीन. रेणापूर."

"नाव आठवतं?"

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. "आठवतं," त्या म्हणाल्या. आणि सांगितलं. मग त्या रात्रपाळीचं सगळं सांगितलं, सिलिंडर संपल्यापासून आईनं ओढलेल्या पदरापर्यंत. साहेबरावांनी मध्ये काही विचारलं नाही. लोहा आलं, गेलं. नांदेडला उतरेपर्यंत साहेबराव अमरेशबद्दल बोलत होते.

म्हणून सगळं ठीक झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबराव बोर्डावर बसले तेव्हा बाईंनी शेजारच्या किशनरावांना आणि त्यांच्या बायकोला, उज्वलाताईंना, हाक मारली. "आता एकेरी बंद," त्या म्हणाल्या. "दुहेरीच खेळायचं. ह्यांना समोरच्यासाठी खेळायला शिकायचंय."

ते शिकणं सोपं गेलं नाही. साठी उलटलेल्या माणसाचा हात सवयीनं राणीकडंच जायचा. डाव संपला की बाई त्यांना मांडणी पुन्हा लावून दाखवायच्या: "इथं मला काय मिळत होतं ते बघा. इकडं येऊन माझ्या खुर्चीवर बसा आणि बघा." साहेबराव उठून त्यांच्या खुर्चीवर बसायचे आणि बघायचे. कधी पटायचं, कधी भांडण व्हायचं. उज्वलाताई एकदा किशनरावांना म्हणाल्या, "हे दोघं खेळायला बोलावतात का भांडण ऐकायला?" तरी दोघं रोज यायचे. उज्वलाताईंनाही आता स्ट्रायकर सोडवत नव्हता.

मार्चमध्ये नांदेडच्याच एका स्पर्धेत पुन्हा तशी वेळ आली. राणी साहेबरावांना अवघड आणि बाईंना सोपी. साहेबरावांचा हात स्ट्रायकरवर थांबला. बाई बघत होत्या. मग साहेबरावांनी आपली पांढरी हलकेच सरकवली आणि हात काढून घेतला.

बाईंची पाळी आली. सरळ फटका होता. त्यांनी मारला आणि राणी पॉकेटच्या कडेला लागून बाहेर आली.

सामना गेला. बाई इतक्या चिडल्या की त्या पंचाशी हात मिळवायलाही विसरल्या. बाहेर पायऱ्यांवर येऊन त्या बोटाकडं बघत राहिल्या, जणू त्या बोटाला आता ड्युटीवरून काढून टाकायचं होतं.

साहेबराव पाण्याची बाटली घेऊन आले. "पुढच्या वेळीही तिथंच ठेवीन," ते म्हणाले.

"मग पुढच्या वेळी घेईन," बाई रागानं म्हणाल्या. "आणा ती बाटली इकडं."